किमान केवलमूल्य-त्रुटींची रेषा: धन आणि ऋण भाग वेगळे करून लिनिअर प्रोग्रॅममध्ये कशी मांडावी

आलेखावर विखुरलेल्या बिंदूंमधून एक सरळ रेषा बसवायची असेल, तर बहुतेक जण लघुतम वर्ग पद्धत वापरतात, म्हणजे प्रत्येक बिंदूच्या त्रुटीचा वर्ग करून त्या वर्गांची बेरीज कमीत कमी करतात. वर्ग न करता त्रुटींच्या केवलमूल्यांचीच बेरीज कमीत कमी करायची, हा दुसरा मार्ग त्याहून जुना आहे. आजच्या क्रोएशियात जन्मलेले जेझुइट गणिती रॉजर बोस्कोविच यांनी तो अठराव्या शतकात, १७५७च्या सुमारास, पृथ्वीच्या आकाराच्या प्रश्नासाठी मांडला. अडचण अशी होती की केवलमूल्याच्या आलेखाला शून्यापाशी टोक असते, त्यामुळे अवकलन करून समीकरण सोडवण्याची नेहमीची वाट तिथे बंद होते. १९५५ साली चार्न्स, कूपर आणि फर्ग्युसन यांनी हाच प्रश्न लिनिअर प्रोग्रॅम म्हणून लिहून दाखवला, आणि तेव्हापासून तो कोणत्याही साध्या एलपी सॉल्व्हरने सुटतो. ती मांडणी कशी करायची, उत्तर कसे वाचायचे आणि ते बरोबर आहे हे कसे ओळखायचे, ते बोस्कोविच यांच्याच आकड्यांवर पाहू.

आकडे आणि प्रश्न

पृथ्वी ध्रुवांपाशी चपटी असेल, तर रेखावृत्तावरील एका अंशाची लांबी विषुववृत्ताकडून ध्रुवाकडे जाताना वाढत गेली पाहिजे. अक्षांश φ असेल, तर ही लांबी जवळपास `a + b·sin²φ` इतकी येते. म्हणून आडव्या अक्षावर `x = sin²φ` आणि उभ्या अक्षावर एका अंशाची लांबी `y` घेतली की प्रश्न सरळ रेषेचा होतो. लांबी त्वाझ या जुन्या फ्रेंच एककात आहे. एक त्वाझ म्हणजे सुमारे १.९४९ मीटर.

```text
ठिकाण        x        y
कितो         0        56751
केप          0.3014   57037
रोम          0.4648   56979
पॅरिस        0.5762   57074
लॅपलँड       0.8386   57422
```

केप म्हणजे आफ्रिकेचे दक्षिण टोक, केप ऑफ गुड होप. रोमजवळचे मापन बोस्कोविच यांनी स्वतः एका सहकाऱ्यासह केले होते. बिंदू पाचच असले, तरी ते एका रेषेत नाहीत. केपहून रोम उत्तरेला आणि विषुववृत्तापासून अधिक लांब आहे, तरीही तिथला अंश आखूड भरला आहे. कोणती तरी रेषा निवडावी लागणार आणि काही ठिकाणी त्रुटी मान्य करावी लागणार, हे यावरून उघड आहे.

आपल्याला `a` आणि `b` असे शोधायचे आहेत की पाचही बिंदूंसाठी `|y − a − b·x|` यांची बेरीज सर्वांत लहान व्हावी.

त्रुटीचे दोन भाग

लिनिअर प्रोग्रॅममध्ये केवलमूल्याचे चिन्ह चालत नाही. तिथे फक्त चलांना संख्येने गुणून केलेल्या बेरजा आणि वजाबाक्या चालतात. म्हणून प्रत्येक बिंदूसाठी दोन नवीन चल घ्यायचे, `p` आणि `n`, आणि दोन्ही शून्य किंवा त्याहून मोठे ठेवायचे. बिंदू रेषेच्या वर असेल तर तो किती वर आहे ते `p` सांगतो, आणि खाली असेल तर किती खाली ते `n` सांगतो. मग प्रत्येक बिंदूसाठी एकेक समीकरण असे लिहिता येते:

```text
a + b·x + p − n = y
```

आणि कमी करायची राशी म्हणजे सगळ्या `p` आणि सगळ्या `n` यांची बेरीज. यात केवलमूल्य कुठेच उरले नाही. पाच बिंदूंसाठी पाच समीकरणे झाली, आणि चल बारा झाले: `a`, `b`, पाच `p` आणि पाच `n`.

इथे नवख्या वाचकाला एक शंका येते, आणि ती रास्त आहे. समीकरणाने फक्त `p − n` ठरते. केपची त्रुटी समजा ४४.८४ असेल, तर `p = 44.84` आणि `n = 0` जसे चालते, तसेच `p = 60` आणि `n = 15.16` हेही चालते, कारण वजाबाकी तीच येते. मग `p + n` म्हणजे त्रुटीचे केवलमूल्यच, हे कशावरून? या शंकेपोटी काही जण `p` आणि `n` यांचा गुणाकार शून्य असावा अशी अट घालू पाहतात, किंवा ० आणि १ अशा दोनच किमती घेणारा चल आणतात. पहिल्या उपायाने प्रश्न रेषीय राहत नाही आणि दुसऱ्याने तो विनाकारण अवघड होतो.

अशा अटीची गरज नसते, कारण ते काम कमी करायची राशीच करते. ६० आणि १५.१६ या जोडीची बेरीज ७५.१६ होते. दोन्हींतून १५.१६ वजा केले, तर समीकरण जसेच्या तसे पाळले जाते, पण बेरीज ४४.८४ वर येते. म्हणजे ज्या उत्तरात एखाद्या बिंदूचे `p` आणि `n` दोन्ही शून्याहून मोठे आहेत, त्याहून चांगले उत्तर नेहमी हाताशी असते, त्यामुळे ते सर्वोत्तम असूच शकत नाही. सर्वोत्तम उत्तरात प्रत्येक जोडीतला किमान एक चल शून्यच निघतो आणि उरलेला त्रुटीचे केवलमूल्य सांगतो.

हा युक्तिवाद `p` आणि `n` या दोन्हींच्या सहगुणकांची बेरीज धन असण्यावर टेकलेला आहे, हे मात्र विसरू नये. त्रुटींची बेरीज वाढवायची असेल, किंवा एखाद्या बिंदूला ऋण वजन दिले असेल, तर सॉल्व्हर `p` आणि `n` दोन्ही एकत्र हवे तितके फुगवत नेतो आणि ही युक्ती कोलमडते. तिथे खरोखरच ० आणि १ वाल्या चलाची गरज पडते.

संगणकावर मांडणी

पायथॉनमध्ये `scipy` असेल, तर वरची मांडणी थोडक्या ओळींत उतरते. चलांचा क्रम आधी ठरवून घ्यावा: पहिला `a`, मग `b`, त्यानंतर सगळे `p`, आणि शेवटी सगळे `n`. पुढचे सगळे सारणीस्तंभ याच क्रमाने लागतात.

```python
import numpy as np
from scipy.optimize import linprog

x = np.array([0, 0.3014, 0.4648, 0.5762, 0.8386])
y = np.array([56751, 57037, 56979, 57074, 57422])
m = len(y)

c = np.r_[0, 0, np.ones(2*m)]
A = np.c_[np.ones(m), x, np.eye(m), -np.eye(m)]
bnd = [(None, None)]*2 + [(0, None)]*(2*m)

r = linprog(c, A_eq=A, b_eq=y, bounds=bnd, method="highs")
print(r.x[:2], r.fun)
print(r.eqlin.marginals)
```

`c` मध्ये पहिले दोन आकडे शून्य आहेत, कारण `a` आणि `b` यांच्या किमतींना स्वतःचा काही खर्च नाही. खर्च फक्त त्रुटींचा आहे. `A` ची प्रत्येक ओळ म्हणजे एका बिंदूचे समीकरण. सर्वांत जपून लिहायची ओळ `bnd` ची आहे. `a` आणि `b` हे धन, ऋण, शून्य काहीही असू शकतात, म्हणून त्यांना दोन्ही बाजूंनी मोकळे सोडावे लागते. मर्यादा दिल्याच नाहीत, तर `linprog` प्रत्येक चल शून्याहून लहान नाही असे गृहीत धरतो, आणि त्याची सूचनाही देत नाही.

ही चूक या उदाहरणात मुळीच दिसणार नाही, कारण इथे `a` आणि `b` दोन्ही धनच आहेत. ती पाहायची असेल, तर (१, ९), (२, ७), (३, ५), (४, ३), (५, १) हे बिंदू घालून पाहावेत. सगळे बिंदू `11 − 2x` या रेषेवर तंतोतंत बसतात, म्हणून बेरीज शून्य यायला हवी. मर्यादा विसरल्यास चढ नेमका शून्य, अंतःखंड ५ आणि बेरीज १२ येते. चढ किंवा अंतःखंड अगदी नेमका शून्य आला, की आधी `bnd` ची ओळ तपासावी.

उत्तराचे वाचन

पाच मापनांसाठी उत्तर असे येते: `a` म्हणजे ५६७५१, `b` सुमारे ८००.१४, आणि त्रुटींची एकूण बेरीज सुमारे ३२६.७९. बिंदूनिहाय पाहिले, तर कितो आणि लॅपलँड यांच्या त्रुटी शून्य आहेत, केप रेषेच्या ४४.८४ वर आहे, आणि रोम १४३.९१ तर पॅरिस १३८.०४ खाली आहे.

रेषा दोन बिंदूंमधून नेमकी जाते, हा योगायोग नाही. लिनिअर प्रोग्रॅमचे कोपऱ्यावरचे उत्तर घेतले, तर त्यात जितकी समीकरणे तितकेच चल शून्याव्यतिरिक्त किंमत घेऊ शकतात. इथे समीकरणे पाच आहेत. त्यांपैकी दोन जागा `a` आणि `b` यांनी अडवल्या, की त्रुटींसाठी तीनच उरतात. मग किमान दोन बिंदूंची त्रुटी शून्य असणे भागच पडते. पाच बिंदूंतून दोन निवडण्याचे प्रकार दहाच असल्याने ज्यांना यंत्रावर विसंबायचे नाही, त्यांनी दहाही रेषा कागदावर करून पाहाव्यात. कितो आणि पॅरिसमधून जाणारी रेषा दुसरी येते, तिची बेरीज ३५०.५० आहे. कितो आणि केपमधून जाणारी ५६१.५६ पर्यंत जाते.

मोठ्या प्रश्नात सगळ्या जोड्या करून पाहणे शक्य नसते. तिथे कोडमधली शेवटची ओळ उपयोगी पडते. ती प्रत्येक बिंदूसाठी एक आकडा देते. त्याला `d` म्हणू. या उदाहरणात ते क्रमाने ०.११८, १, −१, −१ आणि ०.८८२ असे येतात. रेषेच्या वर असलेल्या बिंदूचा `d` एक असतो, खाली असलेल्याचा उणे एक असतो, आणि रेषेवरच्या बिंदूचा या दोन्हींच्या दरम्यान असतो. यांच्यावर दोन अटी आहेत: सगळ्यांची बेरीज शून्य, आणि प्रत्येकाला त्याच्या `x` ने गुणून केलेली बेरीजही शून्य. आपल्या बाबतीत दुसरी अट म्हणजे ०.३०१४ − ०.४६४८ − ०.५७६२ + ०.८३८६ × `d` = ०, यातून लॅपलँडचा `d` = ०.७३९६ ÷ ०.८३८६ = ०.८८२ मिळतो, आणि पहिल्या अटीतून कितोचा ०.११८. दोन्ही −१ आणि १ यांच्या आत आहेत, एवढ्यावरून रेषा सर्वोत्तम असल्याचे सिद्ध होते. आणखी खात्री हवी असेल, तर प्रत्येक `d` ला त्याच्या `y` ने गुणून बेरीज करावी. ती पुन्हा ३२६.७९ च भरते. एखादी रेषा सर्वोत्तम नसेल, तर तिच्यावरच्या बिंदूंसाठी असा हिशेब करताना कोणता तरी `d` एकाच्या बाहेर जातो, आणि कोणता बिंदू सोडून पुढे सरकायला हवे ते तोच सांगतो.

आकडा चुकला तर काय होते

समजा केपची लांबी नोंदवताना अंक उलटसुलट झाले आणि ५७०३७ ऐवजी ५७३०७ लिहिले गेले. लघुतम वर्गांच्या रेषेचा चढ मूळ आकड्यांवर सुमारे ७२५ होता. या एका चुकीने तो ६३२ च्या जवळ उतरतो. आपली रेषा मात्र तसूभरही हलत नाही. केपचा बिंदू आधीही रेषेच्या वर होता आणि आताही वरच आहे, त्यामुळे त्याचा `d` एकच राहतो, आणि वरच्या दोन्ही अटींत त्याची उंची कुठेच येत नाही. बदलते ती फक्त एकूण बेरीज: ती नेमकी २७० ने वाढून ५९६.७९ होते.

इथवर वाचून ही पद्धत चुकीच्या आकड्यांना दाद देत नाही असा समज होतो, आणि तो अर्धाच खरा आहे. हीच गफलत लॅपलँडच्या आकड्यात झाली आणि ५७४२२ चे ५७२४२ झाले, तर चढ ८००.१४ वरून थेट ५८५.५० वर घसरतो. केप, रोम आणि पॅरिस यांच्या त्रुटींची चिन्हे बदलत नाहीत, `d` चे आकडे तेच राहतात, म्हणून रेषा पूर्वीप्रमाणेच कितो आणि लॅपलँड यांतूनच जाते, आणि लॅपलँड जिकडे जाईल तिकडे तिचे टोक जाते. ही पद्धत उभ्या दिशेने भरकटलेल्या बिंदूपासून संरक्षण देते. आडव्या अक्षावर एका टोकाला एकटा पडलेला बिंदू तिला सहज ओढून नेतो.

इतिहासाने हे उदाहरण पुरेपूर खरे करून ठेवले आहे. लॅपलँडचे मापन मोपर्त्वी यांच्या मोहिमेने १७३६-३७ मध्ये केले. पुढे १८०१ ते १८०३ या काळात स्वीडनच्या स्वानबेर्ग यांनी ते पुन्हा केले, तेव्हा जुना अंश दोनशेहून अधिक त्वाझांनी लांब भरला असल्याचे आढळले. म्हणजे पाचांतला सर्वांत संशयास्पद बिंदूच आपल्या रेषेने बिनचूक पकडला आहे. आपल्या `a` आणि `b` वरून पृथ्वीचा चपटेपणा २१५ मध्ये १ च्या आसपास निघतो, तर आज मान्य असलेला २९८ मध्ये १ इतका आहे. त्रुटी शून्य दिसली म्हणून तो बिंदू विश्वासार्ह ठरत नाही. उलट टोकाच्या बिंदूची त्रुटी शून्य असेल, तर तो वगळून रेषा पुन्हा काढावी आणि चढ किती बदलतो ते पाहावे, असे माझे मत आहे.

मांडणीत होणाऱ्या इतर चुका

`c` मध्ये `p` साठीच एकचा आकडा देऊन `n` साठी शून्य ठेवला, तर उत्तर शून्य येते: रेषा सगळ्या बिंदूंच्या वर उचलली की कोणताही `p` उरत नाही आणि `n` चा खर्च कोणी मागत नाही. विखुरलेल्या आकड्यांवर बेरीज शून्य आली, तर हेच घडलेले असते. `n` ला चुकून उणे एक दिला, किंवा `p` आणि `n` यांना खालची मर्यादा दिली नाही, तर प्रश्न अमर्याद असल्याचे सॉल्व्हर सांगतो आणि `r.status` मध्ये ३ दिसतो. सॉल्व्हर तक्रार करतो त्या चुका त्यामानाने सौम्य म्हणायच्या.

बिंदू हजारोंच्या संख्येत असले, तर `np.eye` अंगाशी येते. ५०,००० बिंदूंसाठी अशी एकच सारणी सुमारे २० गिगाबाइट स्मृती मागते, आणि तिच्यात जवळजवळ सगळे शून्यच असतात. तिथे `scipy.sparse` मधल्या `eye` आणि `hstack` वापराव्यात. `linprog` विरळ सारणी स्वीकारतो आणि बाकीची मांडणी तीच राहते.

उत्तर एकच असेल याची हमी मात्र या पद्धतीत नसते. (०, ०), (०, १), (१, ०) आणि (१, १) हे चार बिंदू घेतले, तर डावीकडच्या दोघांच्या मधून निघून उजवीकडच्या दोघांच्या मधून जाणारी कोणतीही रेषा सारखीच, म्हणजे २ ही बेरीज देते. सॉल्व्हर त्यांतली एक निवडून मुकाट्याने देतो. दुसरा सॉल्व्हर दुसरी देईल. ओळखण्याची खूण `d` मध्येच आहे: रेषेवर असलेल्या बिंदूचा `d` नेमका १ किंवा −१ आला, तर तितक्याच चांगल्या आणखी रेषा असण्याची शक्यता धरावी. आपल्या उदाहरणात ०.११८ आणि ०.८८२ हे दोन्ही आकडे आत आहेत, म्हणून तिथे रेषा एकच आहे.

बोस्कोविच यांची जादा अट

बोस्कोविच यांनी फक्त केवलमूल्यांची बेरीज कमी केली नव्हती; धन आणि ऋण त्रुटींची बेरीज सारखी असावी, अशी आणखी एक अट त्यांनी घातली होती. त्यांनी ती भूमितीने सोडवली. आपल्या मांडणीत तिच्यासाठी एक ओळ जास्त लागते, कारण सगळ्या `p` ची बेरीज वजा सगळ्या `n` ची बेरीज बरोबर शून्य, हे समीकरण मुळातच रेषीय आहे.

```python
extra = np.r_[0, 0, np.ones(m), -np.ones(m)]
r2 = linprog(c, A_eq=np.vstack([A, extra]),
             b_eq=np.r_[y, 0], bounds=bnd, method="highs")
```

आता रेषा बिंदूंच्या सरासरीतून, म्हणजे `x` = ०.४३६२ आणि `y` = ५७०५२.६ या स्थानातून, गेलीच पाहिजे. एक समीकरण वाढल्यामुळे शून्याव्यतिरिक्त चलांना एक जागा जास्त मिळते, म्हणून आता एकाच बिंदूची त्रुटी शून्य असण्याची सक्ती उरते. तो बिंदू कितो आहे: अंतःखंड ५६७५१ च राहतो, चढ सुमारे ६९१.४ वर येतो, आणि केवलमूल्यांची बेरीज ३२६.७९ वरून सुमारे ३३७.५ होते. लॅपलँड आता रेषेच्या ९१ त्वाझ वर राहतो, आणि चपटेपणा २४८ मध्ये १ च्या आसपास येतो.